पांढऱ्याचे आम्लेट आणि पळीभर तेल

मैत्रिणींनो, आज मी माझ्याच स्वयंपाकघरातली एक फजिती सांगणार आहे. तीन महिने ती माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी घडत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. शाळेत मी पाचवीच्या मुलींना व्यवहारी अपूर्णांक शिकवते, पण घरातला अपूर्णांक मात्र मला सुटला नाही.

झाले असे की, दिवाळीनंतर आमच्या ह्यांची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल थोडे वर होते आणि वजन अठ्ठ्याहत्तर किलो भरले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, “तळलेले कमी करा, रोज चाला, चार-पाच किलो उतरवा.” अंड्याविषयी ते काही बोललेच नाहीत. पण घरी येईपर्यंत ह्यांना कचेरीतल्या मित्राने गाठले. “अरे, पिवळा बलक म्हणजे नुसती चरबी. प्रथिने सगळी पांढऱ्यात. मी रोज चार अंड्यांच्या पांढऱ्याचे आम्लेट खातो.” झाले! दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेही चार अंड्यांचे पांढरे सुरू.

आधी दोन अंड्यांचे आम्लेट होत असे. आता रोज सकाळी चार अंडी फुटू लागली. पांढरे ह्यांच्या ताटात गेले, आणि वाटीत चार पिवळे बलक माझ्याकडे बघत बसले. सासूबाई अंडे खात नाहीत, पण नासाडी त्यांना बघवत नाही. त्या म्हणाल्या, “अगं, नारळाचे पाणी प्यायचे आणि खोबरे फेकायचे, त्यातला हा प्रकार!” मलाही ते टाकवेना. मुलांना रोज शिरा-केक करून घालणे काही जमत नाही. मग काय, ह्यांचे आम्लेट उतरले की त्याच तव्यावर ते बलक कांदा-मिरची घालून परतायचे आणि कालच्या पोळीबरोबर मी खायचे. उरलेसुरले पोटात घालायची सवय आपल्याला असतेच.

तीन महिन्यांनी ह्यांचे वजन अठ्ठ्याहत्तरच. माझे मात्र दोन किलोंनी वाढलेले! ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, “अगं, एवढे मन मारून खातो आहे आणि काही उपयोग नाही. उद्यापासून आम्लेटच बंद.” मी म्हटले, “अहो, बंद करण्याआधी मला आठ दिवस द्या. आपण खातो काय ते एकदा तोलून तर बघू.”

केकसाठी घेतलेला एक छोटा बॅटरीवरचा काटा घरी होता. तो एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. आठ दिवस मी अंडी, तेल, तवा, सगळे त्याच्यावर चढवले. त्यातून जे निघाले ते तुमच्यापुढे मांडते.

अंडे म्हणजे किती अंडे?

पहिला धक्का अंड्यांनीच दिला. आपण सहज “दोन अंड्यांचे आम्लेट” म्हणतो, पण एकाच ट्रेमधली अंडी सारखी नसतात. माझ्या तीस अंड्यांत सर्वांत लहान ४३ ग्रॅम भरले आणि सर्वांत मोठे ६२ ग्रॅम. बहुतेक पन्नासच्या आगेमागे होती. गावरान अंडी तर चाळिशीच्या आसपासच भरली.

यातले कवच आपण खात नाही. फोडून, कवच वेगळे तोलून पाहिले तर वजनाचा साधारण आठवा हिस्सा कवच आणि त्याला चिकटून राहणारा ओलावा यांत जातो. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या अंड्यातून खाण्याजोगे ४४ ग्रॅम निघते. या ४४ मध्ये ढोबळ मानाने दोन हिस्से पांढरा आणि एक हिस्सा बलक असतो. माझ्या काट्यावर पांढरा २९ आणि बलक १५ ग्रॅम आला. गावरान अंड्यात आकाराच्या मानाने बलक जरा मोठा असतो, हेही दिसले.

आता प्रथिने आणि उष्मांक, म्हणजे ज्यांना आपण कॅलरीज म्हणतो ते. आहारशास्त्राच्या कोष्टकांत दर शंभर ग्रॅमांमागे आकडे देतात. कवचाशिवायच्या अख्ख्या कच्च्या अंड्यात सुमारे साडेबारा ग्रॅम प्रथिने आणि १४३ उष्मांक असतात. नुसत्या पांढऱ्यात जवळजवळ ११ ग्रॅम प्रथिने आणि ५२ उष्मांक. नुसत्या बलकात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ३२२ उष्मांक.

हे तीन आकडे जरा सावकाश वाचा. बलकात उष्मांक खूप आहेत, यात वाद नाही, कारण त्याचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग स्निग्ध पदार्थ आहे. पण “प्रथिने सगळी पांढऱ्यात” हे मात्र खरे नाही. वजनाला वजन लावले तर बलकातच प्रथिने जास्त आहेत! पांढरा आकाराने दुप्पट, म्हणून एका अंड्यात त्याचा वाटा थोडा मोठा होतो, एवढेच. आमच्या पन्नास ग्रॅमच्या अंड्यात साडेपाच ग्रॅम प्रथिने. त्यांतली साधारण सव्वातीन ग्रॅम पांढऱ्यात आणि उरलेली बलकात. म्हणजे बलक वाटीत काढून ठेवला की अंड्यातल्या प्रथिनांचे शंभरातले चाळीसहून अधिक हिस्से आपण बाजूला काढले. म्हणूनच दोन अंड्यांची भरपाई करायला साडेतीन-चार अंड्यांचे पांढरे लागतात.

पाठ करायला सोपे म्हणून मी मुलींना शिकवते तसे एक कोष्टक मनाशी केले. अख्ख्या अंड्याच्या कवचाविना वजनाचा आठवा हिस्सा प्रथिने, आणि नुसत्या पांढऱ्याच्या वजनाचा नववा हिस्सा प्रथिने. अख्ख्या अंड्याचे एका ग्रॅमला दीड उष्मांक, जरा कमीच. पांढऱ्याचे एका ग्रॅमला अर्धा. एवढ्यावर घरातला हिशेब भागतो.

आकाराचा फरक किती पडतो तेही बघा. ट्रेमधली दोन मोठी, ६२ ग्रॅमची अंडी घेतली तर कवच जाऊन सुमारे १०९ ग्रॅम उरते. त्यात साडेतेरा ग्रॅमांच्या वर प्रथिने आणि १५६ उष्मांक. दोन लहान, ४३ ग्रॅमची घेतली तर ७६ ग्रॅम उरते. त्यात साडेनऊ ग्रॅम प्रथिने आणि १०८ उष्मांक. दोन्ही “दोन अंड्यांची आम्लेटे”च! आणि त्या लहान अंड्यांचे चार पांढरे घेतले, तर ते जेमतेम शंभर ग्रॅम भरतात आणि प्रथिने अकरा ग्रॅमही पुरी होत नाहीत. म्हणजे चार लहान पांढऱ्यांपेक्षा दोन मोठ्या अख्ख्या अंड्यांत प्रथिने जास्त. म्हणून अंडी मोजण्याआधी एकदा तरी तोलावीत. काटा नसेल तर एवढे ध्यानात ठेवा: चाळीस ग्रॅमची तीन अंडी म्हणजे साठ ग्रॅमची दोन.

आमच्या तव्याची गोष्ट

अंड्यांचा हिशेब पाहून मला वाटले, ह्यांचे म्हणणे तरी खरे आहे. पन्नास ग्रॅमच्या चार अंड्यांचे पांढरे ११६ ग्रॅम भरले. त्यात प्रथिने साडेबारा ग्रॅम आणि उष्मांक अवघे ६०. दोन अख्ख्या अंड्यांत प्रथिने ११ ग्रॅम आणि उष्मांक १२६. म्हणजे ह्यांच्या ताटातले ६६ उष्मांक रोज कमी व्हायला हवे होते, आणि प्रथिने उलट थोडी जास्तच मिळायला हवी होती. मग गेले कुठे?

ते तव्यावर गेले होते.

आमच्याकडे अंड्याचा तवा निराळा आहे. सासूबाईंचा नेम आहे आणि मी तो पाळते. हा जुना लोखंडी तवा मोरीजवळच्या कोनाड्यात असतो. पोळ्यांचा तवा रोज तापून, पुसला जाऊन कसा काळा तुळतुळीत झालेला असतो! हा बिचारा दिवसातून एकदा वापरायचा आणि वास राहू नये म्हणून साबण लावून खसखसून घासायचा. त्यामुळे तो कायम कोराच राहतो.

अशा कोऱ्या तव्यावर अख्ख्या अंड्याचे आम्लेट कसेबसे सुटते, कारण बलकात स्वतःचाच स्निग्ध अंश असतो. पांढऱ्यात तो जवळजवळ शून्य. गरम लोखंडाला पांढरा असा घट्ट धरतो की उलथणे घातले की चिंध्या निघतात. पहिल्या दिवशी तसेच झाले. ह्यांनी ताटाकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. तेवढे पुरे झाले. दुसऱ्या दिवसापासून मी चमचा ठेवून पळी घेतली! फोडणीची लहान पळी भरून तेल आधी, आणि कडा सुटेनात म्हणून कडेने आणखी एक चमचा. आम्लेट सुरेख उतरायला लागले. कडा जाळीदार, कुरकुरीत. ह्यांनीही एकदा म्हटले, “आज छान जमले आहे.” का जमणार नाही? ते तळलेच जात होते!

आता हे तोलायचे कसे? मी असे केले. तेलाची वाटी आधी तोलली आणि आम्लेट झाल्यावर पुन्हा तोलली, म्हणजे तव्यावर किती गेले ते कळले. मग तव्यावर उरलेले तेल एका कोरड्या कागदाने पुसून घेतले. तो कागद आधी तोलून ठेवला होता, तो पुन्हा तोलला. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे आम्लेटबरोबर ताटात गेलेले तेल. काटा एक ग्रॅमच्या खाली दाखवत नाही, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर मी विसंबले नाही. पाच दिवस तोलून सरासरी काढली.

तव्यावर जात होते १७ ग्रॅम तेल. तव्यावर उरत होते ३ ग्रॅम. म्हणजे १४ ग्रॅम तेल ह्यांच्या पोटात. शेंगदाण्याचे असो, सूर्यफुलाचे असो की करडईचे, एका ग्रॅम तेलाचे ९ उष्मांक होतात. चौदा नवे सव्वीसाशे, म्हणजे १२६.

मैत्रिणींनो, हा आकडा पाहून मी कागद खाली ठेवला. १२६! दोन अख्ख्या अंड्यांचे उष्मांकही १२६ च. म्हणजे बलक काढून जे वाचवले त्याच्या दुपटीच्या आसपास मी तेलाने परत घातले होते. पांढऱ्याचे ६० आणि तेलाचे १२६ मिळून ह्यांचे “हलके” आम्लेट १८६ उष्मांकांचे होत होते. पूर्वीचे दोन अख्ख्या अंड्यांचे आम्लेट मी एका चहाच्या चमच्यात, म्हणजे साधारण ४ ग्रॅम तेलात करत असे. त्याचे १२६ आणि ३६ मिळून १६२. तीन महिने मन मारून ह्यांनी जे खाल्ले, ते पहिल्यापेक्षा २४ उष्मांकांनी जड होते.

आणि तव्यावर उरणारे ते तीन ग्रॅम तेल कुठे जात होते? माझ्या बलकांत. चार बलक म्हणजे ६० ग्रॅम, त्यांचे १९३ उष्मांक, वर ते तेल. रोज सव्वादोनशेच्या आसपास, आणि तेसुद्धा नाश्ता झाल्यावर “टाकवत नाही” म्हणून खाल्लेले. माझे दोन किलो केवळ त्यानेच वाढले असे मी म्हणणार नाही, पण त्याचा वाटा नाही असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. घरात उष्मांक कमी झालेच नव्हते. ते ह्यांच्या ताटातून माझ्या ताटात आले होते, आणि तेलाचे वर आणखी!

तेलच आवरले तर?

ह्यांना तो कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, “म्हणजे पांढऱ्याचे आम्लेट हे सगळे थोतांडच?”

तसे नाही. हिशेब दोन्हीकडून करायला हवा. चार पांढऱ्यांचे आम्लेटही ४ ग्रॅम तेलातच केले, तर ६० आणि ३६ मिळून ९६ उष्मांक होतात. अख्ख्या दोन अंड्यांचे १६२, हे ९६. सहासष्ट उष्मांकांचा फायदा खरा आहे, प्रथिनेही थोडी अधिक आहेत. फक्त तो फायदा एवढा लहान आहे की तेलाचे आणखी दोन चहाचे चमचे पडले की संपला! बलक काढायचा असेल तर आधी तेल मोजायला हवे. तेल मोजायचे नसेल तर बलक काढण्याला अर्थ नाही.

मग मधला मार्ग शोधला. एक अख्खे अंडे आणि दोन पांढरे. त्याचे ६३ आणि ३० मिळून ९३, वर तेलाचे ३६, एकूण १२९ उष्मांक. प्रथिने पावणेबारा ग्रॅमांच्या वर, म्हणजे दोन अख्ख्या अंड्यांपेक्षा जरा जास्तच. आणि मुख्य म्हणजे त्यात एक बलक असल्यामुळे आम्लेट सुटते नीट, रंगाला पिवळे दिसते आणि खाताना रबरासारखे लागत नाही. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “हे आम्लेट आहे. ते औषध होते.”

उरलेले दोन बलक आता माझ्या वाटीत येत नाहीत. मुलांच्या आम्लेटात दोन अंडी असतात, त्यांतच हे दोन बलक फेटते. वाढत्या वयाच्या मुलांना ते सोसतात, आणि बलकातच अ आणि ड जीवनसत्त्वे आणि लोहाचा अंश असतो, पांढऱ्यात तो नावालाच. पूर्वी सकाळी ह्यांची चार आणि मुलांची दोन अशी सहा अंडी लागत, आता पाच लागतात. मला हवे तेव्हा मी माझे स्वतःचे एक अंडे उकडून खाते, उरलेले म्हणून नाही.

चमचाभर तेलात आम्लेट सुटावे कसे?

खरी गोम इथेच आहे, म्हणून नीट सांगते.

अंड्याच्या तव्याला साबणाने खसखसून घासणे मी बंद केले. आम्लेट झाले की कोमट असतानाच तवा गरम पाण्याने आणि काथ्याने धुवायचा, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण सुकवायचा आणि बोटभर तेलाचा हात फिरवून ठेवायचा. पंधरा-वीस दिवसांत तव्याला काळसर तुकतुकी आली. ज्यांच्याकडे न चिकटणारा तवा आहे त्यांचे काम आणखी सोपे. तिथे अर्धा चमचा तेलही पुरते. पण तो रिकामा फार तापवू नये आणि उलथणे लाकडी वापरावे, म्हणजे वरचा थर खरवडला जात नाही.

आम्लेटच्या वेळी तवा मध्यम आचेवर तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र करून लगेच उडाला पाहिजे. थेंब नुसताच पसरला तर तवा थंड आहे. तेल टाकताच धूर निघाला तर तो फार तापला आहे. मग चहाचा एकच चमचा तेल टाका आणि अर्ध्या चिरलेल्या कांद्याने ते सगळ्या तव्याला चोळा. तेल बाटलीतून कधीही ओतू नका. हाताला अंदाज आहे असे प्रत्येकीलाच वाटते, मलाही वाटत होते!

फेटलेले अंडे ओता, आच कमी करा, कडेला अर्धा चमचा पाणी शिंपडा आणि वर झाकण ठेवा. मिनिटभरात वाफेने वरचा भाग आळतो, म्हणून उलटताना पुन्हा तेल सोडावे लागत नाही. कडा आपणहून सुटेपर्यंत उलथणे घालू नका. चिकटले म्हणून आपण जेव्हा तेल ओततो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त अर्ध्या मिनिटाची घाई झालेली असते. नुसत्या पांढऱ्याचे करत असाल तर आच आणखी मंद ठेवा. मोठ्या आचेवर पांढरा आक्रसतो, पाणी सोडतो आणि चिवट होतो. पण कच्चट मात्र ठेवू नका. शिजलेल्या पांढऱ्यातली प्रथिने अंगी लागतात तेवढी कच्च्यातली लागत नाहीत. काही मुले व्यायामाच्या नादाने कच्चा पांढरा पितात, त्यात नुकसानच आहे.

तेल जास्त झाले का, हे काट्याशिवायही कळते. आम्लेट ताटलीतून उचलल्यावर ताटली चकाकत असेल, किंवा कडा जाळीदार तपकिरी झाल्या असतील, तर ते भाजलेले नसून तळलेले आहे, असे समजा. कोरा कागद अलगद दाबून पाहा. डाग बोटाएवढा आला तर ठीक. सगळा कागद पारदर्शक झाला तर पळी हातातून काढून घ्यायची वेळ आली.

तेलाऐवजी तूप घेतले तर हलके होते का, असे माझ्या नणंदेने विचारले. साजूक तुपाचेही एका ग्रॅमला ९ च उष्मांक, तेलाइतकेच. लोण्यात थोडे पाणी असते म्हणून ग्रॅमला साधारण सव्वासात पडतात, पण लोण्याचा गोळा आपण टाकतो तो चमचाभर तेलाहून मोठाच असतो. शिवाय कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला तूप-लोण्यापेक्षा तेल बरे. वरून किसलेले चीज पडले तर हा सारा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागेल! कांदा, मिरची, कोथिंबीर, टोमॅटो यांची मात्र मुळीच चिंता करू नका, सढळ हाताने घाला.

हिशेब करणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक सूचना. वर दिलेले आकडे कच्च्या अंड्याचे आहेत. तयार आम्लेट तोलून त्यांच्याशी गुणू नका. शिजताना पाणी उडून जाते, वजन घटते, पण प्रथिने आणि उष्मांक तेवढेच राहतात. अंडी फोडण्यापूर्वी तोला आणि तेल वाटीत तोला.

आता कोलेस्टेरॉलचे. ते सारे बलकातच असते. आमच्या आकाराच्या अंड्याच्या एका बलकात सुमारे १६० मिलिग्रॅम. पूर्वी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगत, ती अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने २०१५ सालच्या आवृत्तीत आकड्याने देणे सोडले. निरोगी माणसाने एका बलकाला घाबरावे असे आता समजत नाहीत. पण ज्यांना मधुमेह आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांच्या मूत्रपिंडांचे दुखणे आहे, त्यांनी बलक किती आणि प्रथिने किती, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. मीही ह्यांचा कागद डॉक्टरांना दाखवला. ते हसले आणि म्हणाले, “मी तळलेले कमी करा म्हणालो होतो. तुम्ही बलक कमी केला आणि आम्लेटच तळले!”

या गोष्टीला आता दोन महिने झाले. ह्यांचे वजन पावणेदोन किलोंनी उतरले आहे. त्यात संध्याकाळच्या चालण्याचा वाटा मोठा आहे, आम्लेटचा लहान, हे प्रांजळपणे सांगते. माझे दीड किलो गेले, आणि मी तर चालायलाही जात नाही. मी फक्त वाटीतले बलक खाणे सोडले.

तेव्हा उद्या सकाळी एवढे करून बघा. तुमच्या नेहमीच्या हाताने तव्यावर जेवढे तेल सोडता, तेवढे आधी एका वाटीत सोडा आणि चहाच्या चमच्याने मोजा. किती चमचे भरले ते मला जरूर कळवा. माझे जवळजवळ चार भरले होते!